ऑफिसच्या विम्यात प्लसवाले तिप्पट क्लेम करतात: अ‍ॅडव्हर्स सिलेक्शन की मॉरल हझार्ड?

उंबरठा
नमस्कार मंडळी. मी एचआरमध्ये आहे, विम्यातलं जेमतेम कळतं, त्यामुळे चूक असेल तर सांभाळून घ्या. आमच्याकडे ३०० लोक. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळ्यांना एकच ग्रुप पॉलिसी होती. मग बेसिक आणि प्लस असे दोन प्लॅन आले. प्लसमध्ये कव्हर मोठं, ओपीडी धरलेली, स्वतःच्या खिशातून जवळपास काहीच जात नाही, पण पगारातून जास्त पैसे कापतात. १२० लोकांनी प्लस घेतलं, १८० बेसिकमध्ये राहिले. यंदाचा हिशोब आला तर प्लसवाल्यांचा माणशी क्लेम ९०० आणि बेसिकवाल्यांचा ३०० (खरे आकडे देत नाही, प्रमाण तेच ठेवलंय, कुठलंही चलन धरा). साहेबांनी एक नजर टाकली आणि निकाल दिला, फुकट आहे म्हणून उधळतायत, प्लसला २० टक्के को-पे लावा, म्हणजे बिलाचा तेवढा हिस्सा ज्याचा त्याने भरायचा. मला काहीतरी खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येत नाहीये. मला वाटतं की मुळात आजारी लोकांनीच प्लस घेतलं असणार. कॉलेजात मॉरल हझार्ड आणि अ‍ॅडव्हर्स सिलेक्शन हे दोन शब्द घोकले होते, त्यातलं हे कुठलं?

सडेतोड
साहेब बरोबर आहेत. मॉरल हझार्ड म्हणजे नैतिकतेचा प्रश्न, नावातच आहे. खोटी बिलं, गरज नसताना अ‍ॅडमिट होणं, मेडिकलवाल्याशी संगनमत. आमच्याकडे एकाने चष्म्याचं बिल डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये घुसवलं होतं. दोनचार जणांवर कारवाई करा, आपोआप ९०० चे ४०० होतात की नाही बघा.

जुना हिशोबनीस
सडेतोड, तुम्ही सांगताय तो फ्रॉड, ते वेगळं प्रकरण. हा शब्द आगीच्या विम्यातून आलाय आणि तिकडे तो खरंच माणसाच्या चालचलणुकीबद्दल होता, म्हणजे विमा उतरवून स्वतःच गोदाम पेटवणारा वगैरे. आरोग्य विम्यात तो १९६३ मध्ये केनेथ अ‍ॅरो यांच्या लेखाने रुळला आणि १९६८ मध्ये मार्क पॉली यांनी छोटंसं टिपण लिहून मांडलं की अहो यात अनीती कसली, वस्तू स्वस्त झाली की माणूस ती जास्त घेतो, एवढंच आहे. गुडघा दुखतोय, एमआरआयला १०० लागतात, तुमच्या मते तो काढून घेण्याचं मोल ३०. खिशातून द्यायचे असते तर तुम्ही म्हणाला असता की बघू दोन आठवडे. पण विमा आहे आणि तुम्हाला १० च भरायचेत, मग काढून टाकता. खोटं कुठेच नाही, गुडघा खरंच दुखतोय. तरी ३० च्या समाधानासाठी १०० खर्च झाले, म्हणजे ७० वाया गेले, आणि तुमचे १० सोडले तर बाकीचे ९० सगळ्यांच्या हप्त्यात जाऊन बसले.

उंबरठा, तुमचं खटकणं रास्त आहे. ९०० आणि ३०० एवढ्या दोन आकड्यांवरून कुठलं ते सांगताच येत नाही. आजारी माणसांनी प्लस निवडलं तरी हेच चित्र दिसणार आणि निरोगी माणसं प्लस मिळाल्यावर सैल सुटली तरी हेच दिसणार. फरक क्रमाचा आहे. अ‍ॅडव्हर्स सिलेक्शनमध्ये आजार आधी आणि प्लॅन नंतर, मॉरल हझार्डमध्ये प्लॅन आधी आणि खर्च नंतर. त्यामुळे माणूस प्लॅनमध्ये शिरायच्या आधी कसा होता ते बघायला लागतं. मी आयुष्यभर विमा कंपनीत अंडररायटिंगला होतो, तिथे वाद कमी आणि जुन्या फायली जास्त बघायचो.

गौरीम
माझी केस सांगते, जरा लांब आहे. सासूबाईंचे गुडघे पाचसहा वर्षं दुखत होते, डॉक्टरांनी बदलायला सांगितलं होतं, खर्च बघून आम्ही पुढे ढकलत राहिलो. मग पॉलिसी काढली, गुडघ्याचं फॉर्ममध्ये लिहिलं, वेटिंग पिरियड होता तो दिवस मोजून काढला आणि संपल्यावर पुढच्याच महिन्यात ऑपरेशन केलं. कंपनीने आधी क्लेम अडवला, चार चकरा मारायला लावल्या, शेवटी दिला. आता वरचं वाचून मला वाटायला लागलंय की आम्ही काही चुकीचं केलं का? आणि ते या दोन्हीपैकी काय?

जुना हिशोबनीस
गौरीताई, चुकीचं काहीच नाही, तुम्ही लपवलंही नाहीत. पण उदाहरण सुरेख आहे, कारण यात दोन्ही गोष्टी गुंतल्यात. ऑपरेशन लागणार हे माहीत असताना पॉलिसी घेतली, हे सिलेक्शन. वेटिंग पिरियड त्याच्यासाठीच असतो, की बाबा उद्याच्या ऑपरेशनसाठी आज विमा घेऊ नकोस, मधली वर्षं हप्ते भर आणि मग ये. आता स्वतःला एक प्रश्न विचारा. विमा मिळालाच नसता तर ऑपरेशन केलं असतं का? कर्ज काढून, उशिरा का होईना, केलंच असतं असं उत्तर असेल तर यात मॉरल हझार्ड शून्य, फक्त बिल कोणी भरलं तेवढं बदललं. केलंच नसतं असं असेल तर ऑपरेशन विम्यामुळे झालं, आणि पुस्तकी व्याख्येने तो वाढीव खर्च मॉरल हझार्डमध्ये धरतात.

गौरीम
केलं नसतं. परवडतच नव्हतं. पण सासूबाई आता जिने चढतात हो, याला उधळपट्टी म्हणायचं?

प्रश्नचिन्ह
गौरीम यांच्या प्रश्नावर अर्थशास्त्रातच भांडण आहे. वरचं एमआरआयचं उदाहरण धरून चाललं तर विम्यामुळे वाढलेला प्रत्येक खर्च वाया गेलेला दिसतो. पण सासूबाईंना ऑपरेशन स्वस्त झालं म्हणून हवंसं वाटलं असं नाहीये, ते हवंच होतं, पैसे नव्हते. त्याच रकमेचा चेक कोणी हातात ठेवून सांगितलं असतं की हवं तसं खर्च करा, तरी त्यांनी गुडघेच केले असते. मग ते वाया कसं? आणि चेक मिळाल्यावर जो माणूस म्हणेल की गुडघा राहू दे, घराची दुरुस्ती करतो, त्याच्या बाबतीत वाया म्हणा हवं तर. क्लेमच्या यादीत दोघं एकसारखेच दिसतात ही गंमत आहे.

टिंगूशेठ
मला एक कळत नाही, आजारी लोकच विमा घेतात असं असेल तर विमा कंपन्या बुडायला हव्यात. बुडत तर नाहीत. म्हणजे हे अ‍ॅडव्हर्स सिलेक्शन वगैरे हप्ते वाढवायचे बहाणे आहेत.

जुना हिशोबनीस
टिंगूशेठ, अर्धं बरोबर बोललात. कागद घ्या.

१०० माणसं, २०-२० चे पाच गट. वर्षाचा सरासरी खर्च पहिल्या गटाचा माणशी २००, मग ४००, ६००, ९०० आणि शेवटच्याचा १९००. सगळ्यांची सरासरी ८००. कोण कुठल्या गटात आहे ते ज्याचं त्याला माहीत, कंपनीला नाही, म्हणून कंपनी सगळ्यांना ८०० च मागते. आणि प्रत्येक जण मनःशांतीसाठी स्वतःच्या खर्चाच्या १.४ पट द्यायला तयार आहे असं धरू. पहिला गट २८० पर्यंत देईल, दुसरा ५६० पर्यंत. दोघंही ८०० ऐकून उठतात. उरलेल्या तीन गटांची सरासरी झाली ११३३. तिसऱ्या गटाची तयारी ८४० ची, तोही गेला. आता सरासरी १४००. चौथ्याची तयारी १२६०, गेला. उरला शेवटचा गट आणि हप्ता १९००. यात कोणीही खोटं बोललं नाही. पहिल्या गटातला माणूस तर २०० च्या खर्चासाठी २८० द्यायला तयार होता, म्हणजे सौदा कंपनीला आणि त्याला दोघांनाही परवडणारा होता, तरी झाला नाही. खरं नुकसान तिथे आहे.

आता तुमचा बरोबर असलेला अर्धा भाग. १.४ च्या ऐवजी माणसं २ पट द्यायला तयार आहेत असं धरून परत करा. पहिला गट जातो, मग दुसरा जातो, हप्ता ११३३ वर येतो आणि तिसरा गट १२०० पर्यंत द्यायला तयार असतो म्हणून तिथेच थांबतं. म्हणजे भीती पुरेशी असेल तर घसरण मध्येच अडते. कंपन्या बुडत नाहीत त्याचं एक कारण हे, दुसरं म्हणजे वेटिंग पिरियड, मेडिकल तपासणी, वयाप्रमाणे हप्ता. आणि तिसरं म्हणजे ग्रुप पॉलिसी, जिथे निवडायला वावच नसतो, सगळे आत. उंबरठा, दोन वर्षांपूर्वीपर्यंत तुमच्याकडे हेच होतं. प्लॅन दोन झाले आणि निवडीला दार उघडलं.

टिंगूशेठ
गणित मान्य. बहाणे करत नाहीत हे मान्य नाही 😀

डॉ निवांत
डॉक्टर म्हणून माझे दोन पैसे. तुम्ही सगळे पेशंटच्या डोक्यात काय चालतं यावर बोलताय, पण एमआरआय काढायचा की नाही ते पेशंट ठरवत नाही, आम्ही ठरवतो. काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो की इन्शुरन्स आहे का, आणि उत्तराप्रमाणे तपासण्यांची यादी लांब किंवा आखूड होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि एका ठिकाणची नोकरी त्यापायीच सोडली. साहेबांचा २० टक्के को-पे पेशंटच्या खिशाला लागणार, यादी लिहिणाऱ्या हाताला नाही. भुलीच्या टेबलावरचा माणूस घासाघीस करतो का?

जुना हिशोबनीस
डॉक्टरसाहेब, तुमच्या मुद्द्याला पुरावा आहे. अमेरिकेत रँड या संस्थेने १९७४ ते १९८२ एक प्रयोग केला, जोसेफ न्यूहाउस त्याचे प्रमुख. दोन हजारांहून जास्त कुटुंबं घेतली आणि त्यांना प्लॅन निवडू दिला नाही, सोडत काढून वाटला. कोणाला सगळं फुकट, कोणाला बिलाच्या २५ टक्के, कोणाला ५० आणि कोणाला ९५ टक्के स्वतः भरायचे, पण वर्षाला मिळकतीच्या ठरावीक हिश्शापलीकडे कोणालाच झळ नाही. सोडत का, तर सिलेक्शनची वाट बंद व्हावी म्हणून. आजारी माणूस चांगला प्लॅन उचलू शकत नाही, मग जो फरक दिसेल तो प्लॅनमुळेच. फुकटवाल्यांचा खर्च ९५ टक्केवाल्यांपेक्षा साधारण ४५ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणजे मॉरल हझार्ड आहे आणि चांगलंच आहे.

पण कुठे आहे ते बघा. फरक मुख्यतः डॉक्टरकडे जायचं की नाही, अ‍ॅडमिट व्हायचं की नाही इथे पडला. एकदा माणूस हॉस्पिटलात शिरला की पुढचा खर्च सगळ्या प्लॅनमध्ये जवळपास सारखाच. तिथून पुढे तुमची यादी चालते, पेशंटचा खिसा नाही.

आणि साहेबांना दाखवण्यासारखी गोष्ट पुढे आहे. स्वतः भरायला लागल्यावर लोकांनी फालतू उपचार टाळले आणि गरजेचे ठेवले असं झालं नाही. दोन्ही सारख्याच प्रमाणात टाळले. बहुतेकांच्या तब्येतीवर त्याचा फरक दिसला नाही, पण जे गरीब होते आणि ज्यांना ब्लडप्रेशर होतं त्यांचं प्रेशर फुकट प्लॅनमध्ये जास्त आटोक्यात राहिलं. को-पे लावला की कुठली भेट कमी होईल ते आपल्या हातात नसतं.

प्रश्नचिन्ह
या प्रयोगावर एक आक्षेप आहे तो सांगायला हवा. पैसे भरायला लागणाऱ्या प्लॅनमधून जास्त लोक मध्येच बाहेर पडले. मोठं आजारपण आल्यावर आपला जुना विमा बरा म्हणून गेले असतील तर ९५ टक्केवाल्यांचा खर्च मुळातच कमी दिसणार. सोडतीने सिलेक्शन पुढच्या दारातून बंद केलं पण मागचं दार उघडं राहिलं म्हणा. फरक पुसला जात नाही, मात्र ४५ वर मी पैज लावणार नाही.

आणि दुसरं, जास्त विमा घेणारा नेहमी जास्त आजारीच असतो हेही धरून चालू नका. म्हातारपणी नर्सिंग होमचा खर्च देणारा विमा अमेरिकेत मिळतो, त्यावर एमी फिंकेलस्टीन आणि कॅथलीन मॅकगॅरी यांचा २००६ चा अभ्यास आहे. विमा घेणारे नर्सिंग होममध्ये इतरांपेक्षा जास्त गेलेच नाहीत. कारण घेणाऱ्यांमध्ये दोन जाती होत्या, एक आपल्याला लागणारच हे जाणणारे, दुसरे स्वभावाने जपून राहणारे, वेळच्या वेळी तपासणी करणारे, सीटबेल्ट लावणारे. दोघांची वजाबाकी झाली. उंबरठा, तुमच्या प्लसमध्येही असे काळजीवाहू असतील.

उंबरठा
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. हिशोबनीस काकांनी सांगितलं तसं जुनं वर्ष उघडलं, म्हणजे सगळे एकाच पॉलिसीत होते तेव्हाचं, आणि आज जे प्लसमध्ये आहेत त्याच १२० जणांचा तेव्हाचा क्लेम काढला (नशिबाने सगळे तेव्हाही होते). माणशी ७००. आज बेसिकमध्ये असलेल्यांचा तेव्हाचा ३१०. म्हणजे फरक आधीच ३९० चा होता, प्लस जन्मायच्या आधी! आज तो ६०० आहे. मग उरलेले २१० मॉरल हझार्ड, बरोबर ना? साहेबांना सांगू का की दोन तृतीयांश सिलेक्शन आणि एक तृतीयांश उधळण?

जुना हिशोबनीस
३९० छान पकडलेत, ते साहेबांपुढे ठेवाच. २१० ला मात्र लगेच नाव देऊ नका. वरच्या ताईंची केस आठवा. ज्याला माहीत आहे की येत्या वर्षात बाळ होणार आहे किंवा ऑपरेशन करायचंय तो प्लस घेतो, आणि त्याच्या जुन्या वर्षात तुम्हाला काहीच दिसत नाही. तोही सिलेक्शनच, फक्त जुन्या फाईलला न दिसणारा. यासाठी तारखा बघा. मोठी बिलं प्लस सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत दाटून आली आणि मग ओसरली, तर थांबवून ठेवलेली कामं उरकली गेली. वर्षभर सारखी पसरली असतील तर सवय बदलली असं म्हणायला जागा आहे. शिवाय १२० म्हणजे फार थोडी माणसं, एखादी मोठी केस सरासरी कुठल्या कुठे नेते.

उंबरठा
हे वाचून लगेच बघितलं. प्लसमध्ये यंदा एकाच माणसाचा क्लेम १२००० आहे, अचानक आलेलं मोठं ऑपरेशन. तो एक काढला तर ९०० चे ८०७ होतात!! म्हणजे फरक ६०० वरून ५०७. जुन्या ३९० शी तुलना केली तर वाढ २१० नाही, ११७ च. एका माणसाने जवळपास अर्धं मॉरल हझार्ड खाल्लं.

जुना हिशोबनीस
थांबा थांबा. यंदाचा मोठा काढलात, जुन्या वर्षातला काढला का? ७०० मध्येही असा एखादा बसलेला असेल. दोन्ही वर्षांना, दोन्ही गटांना एकच कात्री लावा, नाहीतर तुम्हीही साहेबांसारखं हवं ते उत्तर काढाल, फक्त उलट्या बाजूचं.

सडेतोड
एवढा कीस पाडण्यापेक्षा को-पे लावा ना. उधळण असेल तर थांबेल, नसेल तर कंपनीचे पैसे तर वाचतील. तोटा काय?

मधली सुट्टी
सडेतोड, तोटा प्लस बंद पडण्याचा. हार्वर्ड विद्यापीठात नेमकं हे झालं, डेव्हिड कटलर आणि सारा रेबर यांनी लिहून ठेवलंय. १९९५ मध्ये विद्यापीठाने ठरवलं की कुठलाही प्लॅन घ्या, आम्ही ठरावीक रक्कम देणार, वरचा फरक तुमचा. महागड्या प्लॅनचा कर्मचाऱ्यांवरचा बोजा एकदम वाढला. सोडून कोण गेले? तरुण आणि धडधाकट. मागे राहिलेल्यांची सरासरी वर गेली, हप्ता वाढला, आणखी लोक गेले, आणि तीन वर्षांच्या आत तो प्लॅन गुंडाळला. हिशोबनीस काकांच्या कागदावरचं गणित प्रत्यक्षात झालं म्हणा. तुमच्या ७०० वाल्यांना को-पे लावलात तर त्यांचा आजार कमी होणार नाही, बिलाचा काही भाग त्यांच्यावर ढकलला जाईल, आणि जे काळजीवाहू निरोगी लोक प्लसमध्ये आहेत ते आधी उठतील.

सडेतोड
हार्वर्डमध्ये पगारातून कापायची रक्कम वाढली होती, को-पे नव्हे. को-पेमुळे प्लस स्वस्तही होऊ शकतं, मग निरोगी का उठतील?

मधली सुट्टी
हं, हा मुद्दा आहे. को-पे लावून हप्ता तेवढा उतरवला तर निरोगी माणूस उलट टिकेल, त्याला को-पे क्वचित भरावा लागतो. हप्ता तोच ठेवून को-पे लावला तर उठेल. उंबरठा, साहेब हप्ता उतरवणार आहेत का?

उंबरठा
साहेब? 😅 हप्ता उतरवायचं कोणी बोललेलंच नाही. सोमवारी मीटिंग आहे, तेव्हा विचारतो. त्याआधी दोन्ही वर्षांच्या मोठ्या केसेस काढून आणि तारखा लावून परत बघतो.

डॉ निवांत
ओपीडी आणि अ‍ॅडमिशन वेगवेगळं काढा. वाढ ओपीडीत असेल तर को-पेवर बोलण्यात तरी अर्थ आहे, अ‍ॅडमिशनच्या आत असेल तर आमच्या बाजूचं दुखणं आहे, त्याला हॉस्पिटलशी पॅकेज रेट ठरवणं वगैरे वेगळे उपाय.

उंबरठा
तो कॉलम आहे डॉक्टर! आत्ताच उघडला. निम्म्या ओळी रिकाम्या आहेत.

जुना हिशोबनीस
रिकाम्या आहेत त्या प्लसच्या जास्त की बेसिकच्या, ते आधी बघा.